आठ जीबीत आई-बाबा

"ऑनलाइन अर्ध्या मिनिटात होईल गं," किरण म्हणाला. पण तरुणपणीच गेलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो परक्या कॉम्प्युटरवर पाठवायला त्याची आई, कमल, तयार नव्हती. दोघं म्हातारपणी एकत्र कसे दिसले असते, याचं एआयने काढलेलं चित्र तिला घाटकोपरच्या घरातच बनायला हवं होतं.

किरणने अंदाज बांधला. ग्राफिक्स कार्डाची मेमरी आठ जीबी, चित्र काढणारं, आटवून लहान केलेलं एआय मॉडेल साडेसहा जीबीचं, म्हणजे मावेल. पण आई-बाबांच्या संदर्भाच्या दोन फोटोंनाही जागा लागते, हे तो विसरला. मेमरी भरली आणि काम बंद पडलं.

"पंगत मांडलीस आणि आम्हा दोघांनाच मोजलं नाहीस," आई म्हणाली.

त्याने दोन्ही फोटो लहान केले. या वेळी चित्र बनायला आठ-दहा मिनिटं लागली. पडद्यावरच्या धुक्यातून आधी चष्मा उमटला, मग बाबा, आईइतकेच पिकलेले. आईने हळूच पदर सावरला.