सहाशे रीमचा मेल

अंबरपेठेत वह्या बनवणाऱ्या हर्षदानं शाळेला दर आधीच देऊन टाकला होता, कागद सहा टक्के स्वस्त मिळेल या भरवशावर. मग अठरा वर्षं तिला कागद पुरवणाऱ्या कागदवाल्याला मेल लिहिला: "यादगिरी अण्णा, यंदा दोनशेऐवजी सहाशे रीम लागतील. सहा टक्के कमी कराल का? नाही जमलं तरी कागद तुमचाच."

"शेवटची ओळ कायकू लिहिलीस, ताई?" भाऊ गिरीश तडकला. "आता तो कशाला कमी करंल?"

"अण्णांना वाईट वाटेल रे."

तिनं मेल पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: "अम्मा, मिलचं बिल जोडलंय. मला चारच टक्के सुटतात. दोन तुला, दोन मला. चालेल?"

हर्षदानं बिल दोनदा बघितलं. अण्णा खरं तेच बोलत होते, आता भांडायचं तरी कुणाशी? शाळेला दिलेल्या दरातले उरलेले चार टक्के तिच्याच खिशातून जाणार होते. तिनं लिहिलं, "चालेल अण्णा."