सोळा दिवसांची नामंजुरी

एकोणीसशे सत्त्याण्णव साल संपायला तीन दिवस उरले होते आणि जोतीरामच्या सोळा दिवसांचे आयुष्यही तेवढेच उरले होते.

बारामती आणि इंदापूर यांच्या मधोमध, कालव्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या सहकारी साखर कारखान्यात जोतीराम पॅनमन होता. उसाचा घट्ट झालेला पाक ज्या बंद कढयांत निर्वातात उकळून दाणेदार करतात, त्या कढयांना कारखान्यात पॅन म्हणतात. आणि काचेच्या पट्टीवर एक थेंब घेऊन, तो उजेडाकडे धरून, दाणा बसला की नाही हे जो सांगतो तो पॅनमन. पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे ओळखली, जोतीराम दाणा ओळखत होता. तेवीस गळीत हंगामांत त्याने ओळखलेला दाणा एकदाही खोटा ठरला नव्हता. कागदोपत्री मात्र तो अजून ‘मदतनीस’च होता, कारण त्याच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते. ज्यांना दाणा कळत नाही त्यांना कागद कळतो, आणि पगारपत्रके असल्याच लोकांच्या हाती असतात.

ते प्रमाणपत्र पुण्याकडच्या एका साखर संस्थेत मिळणार होते. जून आणि जुलै असे दोन महिने वर्ग. कारखाना आपल्या खर्चाने कुणाला पाठवीत नसे. शिकलेला माणूस दुसऱ्या कारखान्यात पळतो, अशी संचालकांची पक्की समजूत होती. स्वतःच्या रजेवर जायचे तर संस्थेची अट होती की पूर्ण पगारी रजेचा दाखला आणा. बिनपगारी आलेला माणूस नोकरी सोडायच्या बेतात आहे असे ती धरून चाले. दाखला दहा जानेवारीच्या आत हवा. तोही, दोन्ही महिन्यांतले रविवार वगळून, त्रेपन्न दिवसांचा.

जोतीरामकडे शेहेचाळीस दिवस शिलकीला होते. नव्या वर्षी सोळा मिळायचे होते. बेरीज बासष्ट. पण कायदा म्हणत होता की वर्षाअखेर तीसच दिवस पुढे न्यायचे. वरचे सोळा एकतीस डिसेंबरला बुडणार. मग तीस आणि सोळा, पुन्हा शेहेचाळीस. आणि सात दिवसांसाठी त्याला आणखी एक वर्ष मदतनीस राहावे लागणार.

कामगार अधिकारी मानसिंग यांच्या खोलीत तो टोपी हातात घेऊन नव्हे, डोक्यावर ठेवूनच शिरला.

“सायेब, एक अपवाद करायचा हाय.”

“बसा आधी. कसला अपवाद?”

“माजी सोळा दिस रजा बुडतीया. ती पुढल्या सालात ढकला.”

मानसिंगांनी रजेची नोंदवही ओढली. चाळिशीतला, शांत, कायद्याचे कलम जपमाळेसारखे फिरवणारा माणूस. “तुम्ही वर्षभर एकही दिवस घेतला नाहीत?”

“कवा घेऊ? हंगाम मे उजाडंपर्यंत चालला. मग नव्या दोन पॅन बसवायला काढल्या. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मी त्या पॅनच्या पोटात. दसऱ्यानंतर बॉयलर पेटला, तवापासून हितंच हाय. तुमीच सांगा, कुठला दिस माजा व्हता?”

“खरं आहे. पण साडेचारशे माणसं आहेत, जोतीराव. तुम्हाला अपवाद केला की उद्या दाराशी रांग. करायचाच तर संचालक मंडळानं करायचा, विशेष बाब म्हणून. मजकूर मी सांगतो, लिहून घ्या: ‘मा. संचालक मंडळाने माझ्यावर कृपावंत होऊन...’”

जोतीरामने पेन खाली ठेवले.

“का थांबलात?”

“कृपा कसली? मी काय देवळात आलोय?”

“पद्धत आहे हो लिहायची.”

“असंल. दोन सालामागं एका संचालकाच्या मेव्हण्यावर असलीच कृपा झालती. त्यो सालभर सभेला तेवढा यायचा, जेवायच्या टायमाला. त्याच्याच रांगंत मला उभं करता व्हय? मी पॅनच्या पोटात व्हतो, सायेब. मी कृपंचं काय केलं न्हाय.”

मानसिंग हसले नाहीत. आपल्या टेबलावरून आजवर गेलेल्या कृपांची त्यांना आठवण असावी. कारखान्यावर सहकाराच्या नावाची पाटी होती आणि तिच्याखाली सगळी कामे मेहेरबानीने चालत. हक्क मागणारा उद्धट ठरे आणि तोच हक्क विनवणीत गुंडाळून आणणारा सज्जन. ही रीत इतकी मुरली होती की तिचा वास कुणाला येत नव्हता.

“एक सांगा,” मानसिंग म्हणाले. “वर्षात कधी रजा मागितली होती?”

“मागितली की. जुलैच्या दहा तारखेला. ऑगस्टच्या पयल्या तारखेपासनं सोळा दिवस. घराव पत्रं टाकायचं व्हतं. कागदाव लिवून दिली.”

“कुणाला?”

“आबासायबांना. त्यांनी वाचली, च्या मागवला, खांद्याव हात ठिवला आन्‌ म्हनले, ‘जोतीराम, पॅन उभी राहू दे, मग बघू.’ कागद माज्या खिशात घातला. पत्रं माज्या बायकूनं, बानूबाईनं, गवंड्याच्या डोक्याव बसून टाकून घेतलं.”

मानसिंग ताठ बसले. त्यांनी नोंदवही फिरवून जोतीरामसमोर केली आणि एका रकान्यावर बोट ठेवले. वर छापले होते: ‘रजा नाकारली काय?’ खाली पानभर, आणि आधीच्या प्रत्येक पानावर, कोरे.

“पंधरा दिवस आधी अर्ज करून मागितलेली आणि न दिलेली रजा कितीही असो, पुढे जाते. तिला तीस दिवसांची मर्यादाच नाही. हा अपवाद कुणाच्या मर्जीचा नाही, जोतीराव. कायद्यानेच लिहून ठेवलेला आहे. मंडळाकडे जायचं कारण नाही. फक्त आबासाहेबांनी लिहून द्यायला हवं की त्यांनी रजा नाकारली.”

“मग सोपं हाय.”

“सोपं?” आता मात्र मानसिंग हसले. “हा रकाना कोरा का आहे, ठाऊक आहे?”

ठाऊक सगळ्यांनाच होते. पॅनच्या विभागाचे प्रमुख, चीफ केमिस्ट आबासाहेब निवृत्तीच्या सत्कारात कोणते वाक्य बोलले जावे हे बावीस वर्षांपूर्वीच ठरवून बसले होते: ‘या माणसाने कुणाची रजा नाकारली नाही.’ त्यांनी ती खरोखरच नाकारली नव्हती. अर्ज परत देत, चहा पाजत, मुलाबाळांची चौकशी करीत. चहा पिऊन बाहेर पडलेल्या माणसाला आपल्याला काही मिळाले नाही हे फाटकापाशी पोचल्यावर कळे, आणि तोवर आभार मानून झालेले असत.

प्रयोगशाळेत आबासाहेब रसाचे आकडे तपासत होते. जोतीरामने मागणी सांगितली. त्यांनी सवयीने चहासाठी हाक मारली.

“च्या नगं, आबासायेब. सही पायजे.”

“अरे, पण मी नाकारली कुठं? ‘मग बघू’ म्हणालो.”

“दिली का?”

“दिली नाही.”

“नाकारली का?”

“नाही नाकारली.”

“मग मी मागितलीच न्हाय म्हना की. सोळा दिस मी झोपून घालवलं.”

कोपऱ्यात नळ्या धुणारा सिद्धू खोकला. खोकला नव्हता तो.

आबासाहेबांचा चेहरा लाल झाला. “बावीस वर्षं, जोतीराम. माझ्या पेनातून ‘नामंजूर’ हा शब्द उतरलेला नाही. आणि आता तुझ्यासाठी उतरवू? मंडळाकडे अर्ज कर, मी स्वतः शिफारस करतो. दोन पानी करतो.”

“तुमची शिफारस लई मोठी हाय. पर ती माज्या चांगुलपनाची. मला माज्या कामाची नोंद पायजे.” जोतीराम टेबलाजवळ सरकला. “तुमीच शिकवलंय. पॅन बिघडली, दाना जळला, तरी वहीत लिवायचं. गेल्या मार्चात माजी पॅन बिघडली. साखरंचा उतारा पडला म्हनून वरनं निरोप आला, आकडा जरा सारखा करा. तुमी काय म्हनलात?”

आबासाहेब काय म्हणाले होते हे सगळ्या कारखान्याला पाठ होते. ‘वहीत जे झालं ते जाईल, जे व्हायला हवं होतं ते भाषणात घाला.’ त्या वाक्यापायी त्यांची एक वेतनवाढ रखडली होती, आणि ते वाक्य ते त्या वेतनवाढीपेक्षा जपून वापरीत.

“जुलैत तुमी रजा दिली न्हाय,” जोतीराम म्हणाला. “वाईट केलं म्हनत न्हाय मी. तुमच्या जागी असतो तर मी बी दिली नसती. पॅन उभी राहिली नसती. पर झालं ते झालं. वहीत का न्हाय?”

खाली ऊस पिळणाऱ्या मिलच्या रुळांची घरघर अखंड चालू होती. आबासाहेबांनी समोरची आकड्यांची वही मिटली. दोन अभिमान घेऊन माणूस आयुष्यभर सुखाने जगू शकतो, ते एका टेबलावर समोरासमोर येईपर्यंत. त्यातला एक लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून पाळलेला होता. दुसऱ्याला कुणी टाळी दिली नव्हती, उलट त्याची किंमत मोजावी लागली होती. कोणता खरा, हे ठरवायला रसायनशास्त्राची पदवी लागत नव्हती, पण ते ठरवून लिहायला मनगट लागत होते.

“जुलैची तारीख घालू?” त्यांनी विचारले.

“न्हाय. आजची घाला. मागची तारीख घातली तर त्यो बी सारखा केलेला आकडाच.”

आबासाहेबांनी कोरा कागद घेतला आणि एकोणतीस डिसेंबर ही तारीख टाकली. पॅनमन जोतीराम यांनी दहा जुलै रोजी सोळा दिवसांच्या रजेचा लेखी अर्ज केला. नव्या पॅनच्या उभारणीसाठी त्यांची गरज असल्याने मी तो मंजूर न करता परत केला. ही रजा मी नाकारली. ‘मी नाकारली’ या दोन शब्दांशी ते थबकले, आणि मग त्यांच्याखाली रेघ मारली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

“वाच.”

जोतीरामने सावकाश वाचले. तेवीस वर्षांत त्याच्याविषयी कारखान्याने लिहिलेले पहिले खरे वाक्य ते होते: ‘त्यांची गरज असल्याने.’ त्याने टोपी सारखी केली.

“सिद्धू,” आबासाहेब मागे न वळता म्हणाले, “सप्टेंबरात तूही अर्ज घेऊन आला होतास ना?”

“व्हय जी. च्या पिऊन गेलो.”

“ये इकडं. आणि खाली निरोप दे, आणखी कुणाकुणाला मी चहा पाजलाय ते.”

दुपारपर्यंत अकरा जण येऊन गेले. मानसिंगांनी व्यवस्थापकांची मान्यता घेऊन अकरा नोंदी केल्या आणि जोतीरामच्या रजापुस्तिकेत शेहेचाळीस दिवस पुढे ओढले: तीस नेहमीचे, सोळा नाकारलेले. नवे सोळा धरून बासष्ट झाले, आणि त्यांतल्या त्रेपन्न दिवसांच्या पगारी रजेचा दाखला पाच जानेवारीला टाइप झाला.

तो संस्थेला पाठवण्याआधी आबासाहेबांची सही हवी होती. पॅनच्या मजल्यावर, पट्टीवरचा थेंब उजेडाकडे धरून उभ्या असलेल्या जोतीरामसमोर ते कागद घेऊन आले. सही केली, पण कागद लगेच दिला नाही.

“प्रमाणपत्र मिळालं की दुसरीकडून बोलावणं येईल. संचालक म्हणतात ते अगदीच खोटं नाही. परत येशील ना?”

“येनार की.” जोतीरामची नजर थेंबावरच होती. “बासष्टातनं त्रेपन्न गेलं, नऊ दिस उरत्यात. ती तुमच्याकडनंच घ्यायची हायेत.”

“लेखी अर्ज कर,” आबासाहेब म्हणाले. “दोन प्रती आण. एक मी ठेवून घेईन.”

“आन्‌ नाकारली तर?”

“तर लिहून नाकारीन.”

दाणा बसला होता. जोतीरामने हात वर करून खाली इशारा केला, पॅनचे तोंड उघडले, आणि चाळीस टन पाक गडगडत खालच्या टाकीत उतरला.