बेडकांनी तपासलेली माफी

धायरीच्या त्या शाळेत दर शनिवारी सहावीच्या वर्गात बेडूक सुटत. बाकं भिंतीला लागत, मुलं गोल करून बसत आणि खेळ घ्यायला नववीतल्या दोन मैत्रिणी येत, वैष्णवी आणि शेफाली. भांडण मिटवायला मोठी माणसं शिकवू लागली की मुलं जांभया देतात, म्हणून पद्मजाबाईंनी नववीच्या काही मुलामुलींनाच तयार केलं होतं. बाई स्वतः दाराशी स्वेटर विणत बसत आणि शक्यतो तोंड उघडत नसत.

खेळ सोपा. एक मनाने रचलेलं भांडण घ्यायचं आणि गोलात उभं राहून त्याची माफी मागायची. आपण काय केलं, त्याने समोरच्याला काय झालं आणि आता भरपाई कशी करणार, एवढं सांगायचं. मध्ये सबब आली, 'पण' आला, 'तुला वाईट वाटलं असेल तर' आलं, की सगळ्या वर्गाने डराँव करत उडी मारायची. मग माफी पुन्हा पहिल्यापासून.

त्या शनिवारी शेफालीने जिन्यातच सांगून टाकलं, "आज माझा शेवटचा खेळ. पुढच्या वेळी दुसरी कोणी बघ."

वैष्णवीला कारण ठाऊक होतं. गेल्या शनिवारी तिला भांडण रचायला सुचेना, तेव्हा तिने एका मुलीची गोष्ट सांगितली. कात्रजच्या सर्पोद्यानात काचेमागच्या अजगराने जांभई दिली आणि ही मुलगी रखवालदाराला अशी बिलगली की त्याच्या शर्टाचं बटणच तुटलं. नाव घेतलं नव्हतं. मात्र केस मागे सारायची नक्कल इतकी हुबेहूब केली, की वर्ग शेफालीकडे बघून लोळला. तेव्हापासून शेफाली नळावर गेली, जिन्यात दिसली, की कुठून तरी 'स्स्स' यायचं. वैष्णवीने फोनवर लिहिलं होतं, 'सॉरी यार, पण मी नाव कुठे घेतलं?' त्याला उत्तर आलं नव्हतं.

गोल जमला. वैष्णवी शेफालीच्या कानाशी वाकली. "माझी चूक या वर्गासमोर झाली. इथेच माफी मागू? नको असेल तर नाही मागत."

"माग की," शेफाली म्हणाली. "तपासायला बेडूक आहेतच."

वैष्णवी मधोमध उभी राहिली आणि प्रार्थनेसारखी घडाघडा म्हणून मोकळी झाली. एकही 'पण' नाही. कोणी उडालं नाही.

"ताई, तुम्ही नमुना दाखवता तेव्हा अगदी असंच बोलता," आमोद म्हणाला.

"सबब कुठे होती? उडी नाही बसत," शंभूने नियमावर बोट ठेवलं.

"नव्हती, पण..." आमोद म्हणाला, आणि अख्खा वर्ग त्याच्याच अंगावर डराँव करत उडाला.

वैष्णवीलाही हसू फुटलं. ती पुन्हा उभी राहिली. "मी नाव घेतलं नव्हतं..."

डराँव.

"मला दुसरं काही सुचतच नव्हतं..."

डराँव. या वेळी एकाची चप्पल फळ्यापर्यंत गेली.

वैष्णवीने वर्गाकडे बघणं सोडलं आणि शेफालीकडे वळली. "तू ती गोष्ट मला एकटीला सांगितली होतीस. ती मी सगळ्यांना वाटली, कारण मला यांचं हसू हवं होतं. तू आता नळावर एकटी जात नाहीस. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं."

शंभू अर्धा उठला, विचारात पडला आणि खाली बसला.

"भरपाई काय हवी, ते तू सांग," वैष्णवी म्हणाली.

"स्स्स करणाऱ्यांना तू थांबवायचं. मी नाही. आणि माझी कुठलीच गोष्ट तुझ्या तोंडून बाहेर जायची नाही."

"नाही जाणार."

"ऐकलं," शेफाली म्हणाली. खेळात एवढं पुरतं. माफ केलं, असं म्हणायची सक्ती कोणावर नसते.

"म्हणजे गट्टी झाली?" मागून एक बारीक आवाज आला.

"अजून नाही," शेफाली म्हणाली.

तेवढ्यात आमोद कान लाल करून उभा राहिला. "शेफालीताई, स्स्स मी सुरू केलं. तुम्ही नळावरून पाणी न पिताच गेलात. शंभूने सांगितलं म्हणून मी..."

सगळ्यात मोठा डराँव शेफालीचा होता. उडीही तिचीच उंच. खाली आली तेव्हा तिची वेणी सुटली होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"पुन्हा. पहिल्यापासून," तिने आमोदला फर्मावलं. मग वैष्णवीकडे न बघताच म्हणाली, "पुढच्या शनिवारी भांडणं मी रचणार. तुझी सगळी ओळखीची निघतात."

कोणाचं काही चुकलं नसताना वैष्णवीने टुणकन उडी मारली. वर्ग क्षणभर बुचकळ्यात पडला. मग आपल्याला काय करायचंय असं म्हणून सगळेच उडाले.

दाराशी बाईंची सुई थांबली. "खाली मुख्याध्यापक बसतात," त्या म्हणाल्या. "जरा भिंतीकडे सरकून उड्या मारा."