भुजंगप्रयातातली मैत्री

पिंगी आणि बबडी वसतिगृहात एकाच खोलीत राहायच्या. पिंगीची फणी बबडीच्या केसांनी भरलेली असायची, टॉवेल ओला. पिंगीला किळस यायची, पण ती गप्प बसायची.

वृत्ताच्या तासाला बाईंनी गृहपाठ दिला होता: मैत्रीवर भुजंगप्रयातात चार ओळी. ओळीत बारा अक्षरं, चार 'य' गण, म्हणजे लघु, गुरु, गुरु असं चार वेळा. पिंगीने दोन दिवस बोटांवर अक्षरं मोजून ओळी जुळवल्या. "बघू गं, चाल कळेल मला," म्हणत बबडीने कागद नेला.

वर्गात बबडीच आधी उभी राहिली.

"मैत्रिणी, तूच माझ्या मनाचा विसावा
तुझा हात हाती सदा मी धरावा
मुकी राहता मी, तुला ते कळावे
तुझे दुःख माझ्या उरी साठवावे."

एक शब्द सोडला तर सगळं पिंगीचंच होतं.

बाईंनी पहिली ओळ फळ्यावर लिहिली. "मै गुरु, त्रि लघु, णी गुरु. हा 'र' गण झाला. शिवाय अक्षरं तेरा. बाकीच्या तीन ओळी चोख आहेत. पहिली सुधार."

बबडीने कोपराने पिंगीला ढोसलं. "सांग ना!"

सवयीने पिंगी पुटपुटली, "सखे."

"सखे, तूच माझ्या मनाचा विसावा!" बबडी खणखणीत म्हणाली.

"स लघु, खे गुरु, तू गुरु. वा! आता बारा झाली," बाई खूश झाल्या.

बबडीने पिंगीच्या गळ्यात हात टाकला. तो हात घामेजलेला होता. पिंगीला बबडीइतकीच स्वतःच्या जिभेचीही किळस आली.

"आता तुझ्या ओळी," बाई पिंगीला म्हणाल्या.

"तास संपेपर्यंत देते."

तिने गळ्यातला हात झटकला आणि वही ओढली. या वेळी शब्द आपणहून आले. घंटेच्या जरा आधी तिने उभं राहून वाचलं:

"गळाभेट घेता गळा आवळावा
असा स्नेह का हो कुणाला रुचावा
फणी घेतली तू, तशी ओळ नेली
शिसारीच आली, सखी दूर केली."

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी बोटांवर गण मोजले, "गळाभे, टघेता, गळाआ, वळावा..." चारही ओळी मोजून त्यांनी बबडीकडे रोखून पाहिलं. "वृत्त चोख आहे. बबडी, तू जरा थांब. मघाच्या त्या ओळी कुणाच्या, ते मला सांगून जा."

"अगं, सांग ना बाईंना, आपण मिळूनच केल्या!" बबडी लाडात म्हणाली. डोळ्यांत शरमेचा मागमूसही नव्हता.

"नाही केल्या," पिंगी म्हणाली, दप्तर उचलून बाहेर पडली आणि नळाखाली मान खसाखसा धुतली.

संध्याकाळी तिने वसतिगृहाच्या देखरेखीच्या बाईंकडे जाऊन दुसरी खोली मागितली.