बारा खोल्यांचं गणित

गिरिजाबाईंचा कुणावर विश्वास नव्हता, आणि याची त्यांना लाजही नव्हती. दूधवाल्यासमोर त्या दुधात बोट बुडवून बघत आणि वाण्याकडचा गूळ घरी आणून पुन्हा तोलत. अशा बाईला गिरणीतल्या संगप्पा मुकादमानं आपली चाळ विकायला काढली आणि वर "वहिनी, तुम्ही घरच्या म्हणून तुम्हालाच आधी सांगतोय" असं म्हटलं, म्हणजे झालंच. घरच्या माणसाला आधी सांगावं असा चांगला सौदा कुणी सोडतं होय? त्याच घटकेला त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

पण चाळ हवी होती, हेही खरं. नवरा सिद्धलिंगप्पा त्याच गिरणीत सूतखात्याचा मुकादम होता. तो होता तोवर त्यांच्या घरामागच्या सहा भाड्याच्या खोल्यांतली एकही कधी रिकामी राहिली नाही. एक बिऱ्हाड उठलं की दुसरं दारात उभं. बायका हळदीकुंकवाला आल्या की गिरिजाबाईंच्या पाया पडायच्या. नवरा गेला, आणि दोन वर्षांत तीन खोल्यांना कुलपं लागली. गिरिजाबाईंनी माणसांना कृतघ्न ठरवलं. मग माळवद गळतं म्हणून लोक जातात असं ठरवून वर नवी माती घालून घेतली, भिंतींना चुना दिला, तरी कुलपं तशीच. उरलेल्या तिघांच्या भाड्यावर दिवस ढकलायचे, नाहीतर अक्कलकोटला दिराच्या दारात जाऊन बसायचं. आणि दिराच्या दारात बसण्यापेक्षा त्यांना उपाशी राहणं पसंत होतं.

म्हणून त्यांनी कागद घेतला. नवऱ्यानं त्यांना आकडेमोड शिकवली होती, आणि ती त्यांना त्याच्यापेक्षा चांगली जमायची. वाण्याच्या पुड्याचा कागद सपाट करून त्यावर त्यांनी पेन्सिलीनं मांडलं:

*किंमत तीन हजार सहाशे. खोल्या बारा, भाडं खोलीला तीन रुपये, म्हणजे वर्षाचे चारशे बत्तीस. एका महिन्याचं भाडं बुडीत धरायचं, कारण बिऱ्हाडं बदलतात: छत्तीस गेले. घरपट्टी नि पाणी बत्तीस. माळवदाची माती, चुना, मोडतोड चाळीस. उरले तीनशे चोवीस. शेकडा नऊ. पोस्टात शेकडा तीन.*

नऊ आणि तीन. आकडे कुणाची लबाडी करत नाहीत, पण ते कुणी सांगितले हे बघावं लागतं. भाडं तीन रुपये हे सांगितलं कुणी? संगप्पानं. खोल्या भरल्यात हे कुणी सांगितलं? त्यानंच. गिरिजाबाईंनी कागदाच्या खाली जाड अक्षरात लिहिलं: *आधी बघायचं.*

पुढच्या सोमवारी विसार द्यायचा ठरला होता. पाचशे रुपये, आणि बाकीचे खरेदीखताच्या दिवशी. पाचशेसाठी पाटल्या मोडायच्या होत्या, आणि बाकीच्यासाठी नवऱ्यानं मागं ठेवलेली सगळी पुंजी. म्हणजे मागं काही उरत नव्हतं. संगप्पा दोनदा दारावरून जाताना थांबून म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाईक दुसरंही हाय, पण मी थांबवलंय त्याला." हे दुसरं गिऱ्हाईक आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी, कुणाला न सांगता, गिरिजाबाई चाळीत गेल्या. पुरुष गिरणीत असतील अशी दुपारची वेळ त्यांनी मुद्दाम धरली. त्यांच्या डोक्यात एकच किडा होता. विकायच्या वेळी मालक रिकाम्या खोल्यांत नात्यागोत्यातली माणसं आणून बसवतो, दारात दोन भांडी ठेवतो आणि चाळ भरली म्हणतो. मग खरेदीखत झालं की भांडी आणि माणसं दोन्ही उठतात.

तर त्यांनी पहिलीच खोली गाठली आणि पाणी मागितलं. पाणी पिता पिता नजर चुलीकडं. चुलीमागची भिंत काळीभोर, वरचं लाकूडही धुरानं चकचकीत झालेलं. ही काजळी दोन दिवसांत येत नाही. दुसऱ्या खोलीत जातं घासून खोल गेलेलं. तिसरीत पाळणा, आणि पाळण्याच्या दोरीनं तुळईला खाच पडलेली. एकेक करत त्या बाराही खोल्यांत डोकावल्या. माणसं खरी होती, संसार खरे होते. छपराच्या ओलीचे डाग मोजके, भिंती चांगल्या. खरं तर गिरिजाबाईंना थोडी निराशाच झाली. लबाडी सापडावी म्हणून यावं आणि ती सापडू नये, याचाही राग येतो माणसाला.

शेवटच्या खोलीत मायाक्का नावाची बाई भाकरीचं पीठ मळत होती. मंगळवेढ्याकडची मेंढरं राखणारी माणसं, तीन वर्षं झाली गिरणीत आलेली. गिरिजाबाई उंबऱ्यावर टेकल्या.

"भाडं किती देता?"

"तीन."

"शेजारच्या चाळीत?"

"पावणेदोन," मायाक्का म्हणाली. तिनं हे सांगताना मान वर केली नाही, जणू कुणाला ठाऊक नसेल असं यात काहीच नव्हतं.

गिरिजाबाईंच्या कपाळाला आठी पडली. भिंत तीच, माती तीच, नळ तोच. मग सव्वा रुपया जास्त देऊन माणसं इथं का बसतात? "मग तिकडं का जात नाही?"

"जाऊन कसं चालंल? मुकादमाच्या चाळीत ऱ्हातो म्हणून धन्याला सूतखात्यात काम हाय. बाहीर ऱ्हायला की दुसऱ्याच दिशी बदली मानूस घेत्याल. भाडं पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारातच कापून घेतो त्यो. आमच्या हातात येतच न्हाय."

"आणि चाळ मी घेतली तर?"

मायाक्कानं आता मान वर केली. तिच्या नजरेत कुचकेपणा नव्हता, तिला नुसतंच नवल वाटलं होतं. "तवा आमी हितं कशाला ऱ्हाऊ, बाई? मुकादमानं गिरणीच्या मागं नवी चाळ बांधाया काढलीया. मोप मोठी. दिवाळीला समद्यांनी तितं जायाचं, आसं सांगितलंय की."

गिरिजाबाई तिथून कशा निघाल्या ते त्यांनाही आठवलं नाही. घरी येऊन त्यांनी त्याच कागदावर खाली नव्यानं मांडलं. भाडं पावणेदोन, महिन्याला एकवीस, वर्षाचे दोनशे बावन्न. पण सगळ्या खोल्या भरतील कुठल्या? चार रिकाम्या धरल्या. उरले एकशे अडुसष्ट. घरपट्टी, पाणी, माती, चुना हे काही कुणी कमी करत नाही, रिकाम्या खोलीचंही माळवद गळतंच. बहात्तर गेले. शहाण्णव. तीन हजार सहाशेवर शहाण्णव, म्हणजे शेकडा अडीचच्या वर थोडंसं. पोस्टातले तीन परवडले. मेल्यानं भिंती विकायला काढल्या, आणि भाडं तर भिंतींचं नव्हतंच.

त्यांना संताप आला, पण संतापात एक समाधानही होतं. त्यांचा संशय खरा ठरला होता. आता या संगप्पाला तोंडावर सांगायचं, आणि त्याचा चेहरा बघायचा.

सोमवारी संगप्पा आला. डोक्याला नवं पागोटं, हातात पेढ्याची पुडी. गिरिजाबाईंनी पाटही मांडला नाही.

"भावजी, नवी चाळ केवढी बांधताय?"

त्यानं पुडी खाली ठेवली. मग हसला, आणि ते हसू पकडलेल्या माणसाचं नव्हतं. "कळलं म्हणायचं. बरं झालं, मीच सांगणार होतो. वहिनी, आपण असं करू. चाळ तुम्ही घ्या. निम्मी माणसं मी तुमच्याच खोल्यांत ठेवतो, तीन रुपयेच भाडं. त्यातला एक मला द्या, माणसाला काम देण्याचा. तुमचे दोन सुटतात."

"आणि उद्या गिरणीवाल्यांनी तुम्हाला काढलं, की माझ्या खोल्या मोकळ्या."

"कोण काढतंय?"

"तुमच्या जिवावर माझं छप्पर टेकलेलं नको मला. आणि गरिबाच्या पगारातून असं काढून घ्यायला लाज नाही वाटत?"

संगप्पाचा चेहरा पहिल्यांदा बदलला. त्याला राग आला नाही, तो ओशाळलाही नाही. त्याला खरोखर समजेना की ही बाई थट्टा करतेय की काय. "वहिनी, असं काय बोलताय? मी हे शिकलो कुणाकडून? सिद्धलिंगप्पा अण्णांच्या हाताखालीच होतो ना मी. तुमच्या मागच्या सहा खोल्यांचंही भाडं तीनच होतं. खोलीचे पावणेदोन, कामाचा सव्वा. अण्णा गेले, काम देणारा हात गेला, माणसं उठली. तुम्हाला काय वाटलं, माळवद गळतं म्हणून गेली?"

पेढ्याची पुडी उचलून गिरिजाबाईंनी त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. पाटल्या हातातच होत्या. त्या वाचल्या, पुंजी वाचली, हे त्यांना कळत होतं, पण बरं काही वाटेना. पाया पडणाऱ्या बायका डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. कुठली बाई मनापासून वाकली होती आणि कुठली नवऱ्याच्या कामाच्या भीतीनं, हे आता विचारायचं तरी कुणाला? आणि त्यांनी त्या बायकांना, त्या गेल्या म्हणून, वर्षभर शिव्या घातल्या होत्या. नवऱ्याचा राग आला, मग स्वतःचा आला. दुधागुळावर इतका संशय घेणाऱ्या बाईनं आपल्याच घरातल्या पैशावर एकदाही घेतला नव्हता.

संध्याकाळी त्या मागच्या अंगणात गेल्या. उरलेल्या तीन बिऱ्हाडांपैकी सर्वांत जुनी मुक्ताबाई दारात निवडणं घेऊन बसली होती. सिद्धलिंगप्पा जाऊन दोन वर्षं झाली तरी ती महिन्याला तीन रुपये आणून देत होती, कधी एक पै कमी नाही. गिरिजाबाईंना तिचं नेहमी कौतुक वाटे, जुनी प्रामाणिक माणसं म्हणून.

"मुक्ताबाई, या महिन्यापासून भाडं पावणेदोन रुपये. तिघांचंही."

मुक्ताबाईचा हात सुपात थांबला. तिनं गिरिजाबाईंकडं बघितलं, मग घराच्या बंद दाराकडं, मग पुन्हा गिरिजाबाईंकडं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. दुधात बोट बुडवताना गिरिजाबाईंचा चेहरा जसा असायचा, अगदी तसा तिचा झाला होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आन् वरचा सव्वा आता कुणाला द्यायचा?"