रुईचे पहिले तीन आकडे

पुंजारामचं पत्र जुलैत आलं, तेही पोस्टाने. नांदगाव पेठेहून अमरावतीला फोन लागत नाही असं नाही, पण सूतगिरणीत पस्तीस वर्षं रजिस्टर लिहिलेल्या माणसाचा तोंडी गोष्टींवर भरवसा नसतो.

‘डाक्टर साहेब, तिकडची माही पोरगी रागिणी म्हणते जर्मनीतल्या कुत्र्यांची चिप २७६ नं सुरू होते. आपल्या रुईची ९९९ नं होते. तिथल्या नोंदणीत हे चालते काय? बाकी कागद सारे तयार हायेत. तीन हप्त्यांनी विमान आहे. घरही विकलं.’

जनावरांचे डॉक्टर वाहेद पत्र वाचून हसले. कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीसाठी टोचतात त्या चिपच्या पंधरा आकड्यांतले पहिले तीन देशाचे असतात, नाहीतर बनवणाऱ्या कंपनीचे. २७६ नसलं म्हणून काही बिघडत नाही. तसं उत्तर लिहायला त्यांनी पेन उघडलं आणि त्यांची नजर पुन्हा त्या आकड्यावर गेली. नऊशे नव्याण्णव.

त्यांनी कपाटाचा खण ओढला. फुकट आलेली कुठलीही वस्तू टाकायची नाही ही त्यांची जुनी खोड. औषधविक्रेत्याने दाखवायला दिलेल्या चिपांचं पाकीट खऱ्या चिपांशेजारीच पडलं होतं. ९९९ म्हणजे चाचणीची चिप. यंत्र ती बिनबोभाट वाचतं, म्हणून कुणाला संशय येत नाही, पण कुठलीच नोंदणी तिला खरी मानत नाही. खऱ्या चिपांचा साठा संपला त्या दिवशी त्यांनी रुईला हीच टोचली होती. नंबराचा स्टिकर लसीच्या पुस्तकात स्वतःच्या हाताने चिकटवला होता.

आता नवी चिप टोचायची, मग नव्याने रेबीजची लस, तीस दिवसांनी लस लागू पडली का ते पाहायला रक्त युरोपने मान्य केलेल्या लॅबमध्ये, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. त्या खोट्या नंबरावरची जुनी लस, जुना रिपोर्ट, सगळं पाण्यात. ‘चालते’ एवढा एक शब्द लिहून टाकला असता तर विमानतळापर्यंत कुणाला कळलंही नसतं. पण तिथे रुईला अडवलं असतं. ते तडक स्कूटरवर निघाले.

रिकाम्या घरात पुंजाराम दोरीने गाठोडी बांधत होता. गिरणीच्या फाटकात सापडलेली पांढरी रुई गाठोड्यावर बसली होती. वाहेदनी सगळं सांगितलं, आपली चूकही.

“चार महिने?” पुंजाराम म्हणाला. “काहून केलं हो असं? ती तेरा वर्साची आहे. तिले सोडून मी जाणार नाई, अन् पंधरा तारखेले घराची चाबी द्याची आहे.”

“माझ्या दवाखान्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, पुंजारामभाऊ. तुमी दोघं या.”

खोल्या रिकाम्या होत्या हे खरंच. बायको गेल्यापासून वाहेद वर झोपायलाही जात नसत. खालच्या बाकावरच रात्र काढत. आता वरून खोकला ऐकू येऊ लागला. सकाळी दोन कप चहा, संध्याकाळी बुद्धिबळ. पुंजाराम हरला की पट उधळून द्यायचा आणि “तुमी त्या चिपेसारखेच खोटे खेळता,” म्हणायचा. रुई मधे लोळायची. वाहेद पुन्हा वर जेवू लागले.

सप्टेंबरात रक्ताचा रिपोर्ट आला. अर्ध्याच्या वर आकडा आला तर पास, खाली आला तर लस पुन्हा, महिने पुन्हा. पाकीट हातात घेऊन वाहेद जिन्यात उभे राहिले. तीस वर्षांच्या डॉक्टरकीत पहिल्यांदाच आकडा कमी यावा असं त्यांना वाटलं. स्वतःचीच लाज वाटली. पाकीट फोडलं. दोन पूर्णांक एक.

“पास!” ते वर पाहून ओरडले. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

डिसेंबरात दोघं गेले. निघताना वाहेदनी रुईची नवी चिप तीनदा वाचली, पहिले तीन आकडे ९००. पुंजाराम म्हणाला, “झालं न आता, किती वाचसान!” आणि गाडीत बसला. रुईने मागच्या काचेतून पाहिलंही नाही, ती पुंजारामच्या मांडीवर चढत होती. तेच बरोबर होतं.

फेब्रुवारीत पत्र आलं. ‘रुईची नोंद झाली. रागिणीनं करून देल्ली. आता ती कुठंही हरवली अन् कोणी यंत्र लावलं, तं माह्यंच नाव निघते. तुमी उगीच काळजी करू नोका. थंडी लय आहे. बुद्धिबळाले कोणी नाई.’

वाहेदनी ते दोनदा वाचून घडी केली. दवाखान्यात कुणी नव्हतं. टेबलावर चिप वाचायचं यंत्र पडलेलं होतं. ते उचलून त्यांनी स्वतःच्या मानेमागून, खांद्यांवरून सावकाश फिरवलं, जसं कुत्र्यावर फिरवतात तसं. मग पडद्यावर पाहिलं. चिप सापडली नाही.