साठ गुण

शिरोलीच्या त्या फाउंड्रीतल्या कामगार संघटनेच्या खोलीत यल्लाप्पाचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहा पुढ्यात निवला, तरी त्याची नजर फळ्यावरच. चारच्या आत मालकाला उत्तर द्यायचं होतं.

मालकानं दोन प्रस्ताव दिले होते. पहिल्यात चार हजारांची पगारवाढ आणि सहा कंत्राटी पोरं कायम. दुसऱ्यात वाढ तीन हजारांचीच, पण बारा पोरं कायम. यल्लाप्पाचा भाचा सूरज कायम करायच्या यादीत बारावा होता. त्याचा बाप गेल्यापासून सगळं घर त्याच्यावरच होतं.

भांडणं नकोत म्हणून कमिटीनं महिन्यापूर्वीच, प्रस्ताव यायच्या आधी, शंभर गुण वाटून ठेवले होते. कायम करण्याला साठ, पगाराला तीस, दवाखान्याला दहा. दोन हजार वाढीला शून्य, चार हजारांना पूर्ण तीस, मधल्या रकमेला त्या मानानं. दवाखान्याचे दहा दोन्हीकडं सारखे पडत होते. कमिटीचा हिशेब लिहिणाऱ्या आदर्शनं फळ्यावर बेरीज मांडली: पहिला सत्तर, दुसरा पंच्याऐंशी. खोलीतल्या कुणीतरी बाहेर फोनही लावला.

यल्लाप्पाला आनंद झाला, अगदी पोटातून झाला. आणि लगेच त्याची नजर साठाच्या आकड्यावर अडली. आदर्शनं बारा पोरांना पूर्ण साठ दिले होते, सहांना तीस. मालक बाराच्या वर जात नाही, म्हणून बारा म्हणजे पैकीच्या पैकी. पण साठ ठरले तेव्हा डोळ्यापुढं फाउंड्रीतली तीसच्या तीस कंत्राटी पोरं होती. म्हणजे माणशी दोन गुण. बारांचे चोवीस, सहांचे बारा.

त्यानं मनात बेरीज केली. पहिला बावन्न, दुसरा एकोणपन्नास.

गप्प बसला असता तर कुणाला काय कळणार होतं? तो उठला, खिडकीशी गेला, माठातलं पाणी प्यायला, परत बसला, परत उठला. स्वतःचाच राग आला त्याला. ही आकडेमोड आपल्यालाच का दिसावी?

शेवटी खडू घेऊन त्यानं सगळं उलगडून सांगितलं. आदर्शनं मान खाली घालून आकडे बदलले.

अध्यक्ष कृष्णात हळूच म्हणाले, "यल्लाप्पा, तुझा भाचा बारावा हाय न्हवं?"

"व्हय."

"मग साठाचं वजनच वाढवूया की जरा."

"प्रस्ताव बघून वजन बदलायचं आसंल, तर मोजायचं कशाला?" यल्लाप्पा म्हणाला.

पहिल्या प्रस्तावावर सह्या झाल्या. सह्यांआधी आणखी दोन पोरांसाठी कृष्णात तासभर भांडले होते, पण मालक हलला नाही.

फाटकाबाहेर सूरज गाडी घेऊन उभा होता, हातात पेढ्याचा पुडा.

"मामा, बारा जणांचं ठरलं म्हणून फोन आलता."

"बेरीज चुकलीती. सहाच झाली."

"कुणी काढली चूक?"

"मी."

सूरज बराच वेळ पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मग पुडा डिकीत ठेवून त्यानं किक मारली.

"बसा मामा," तो म्हणाला. "आईला तुम्हीच सांगा."